स्पष्ट दिसणाऱ्या डोळ्यातली सूज

१८४७ साली लंडनमध्ये गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या ओळखीच्या एका नेत्रवैद्याला एक छोटे यंत्र दाखवले. एक नळी आणि तिच्यात तिरका बसवलेला आरशाचा तुकडा, एवढेच ते होते. आरशामागचा पारा मधोमध दोन-तीन ठिकाणी खरवडून काढलेला होता. नळीच्या बाजूच्या भोकातून आलेला उजेड आरशावरून परतून समोरच्या माणसाच्या डोळ्यात शिरायचा आणि पाहणाऱ्याने खरवडलेल्या ठिपक्यांतून आत बघायचे. नेत्रवैद्याचे नाव होते थॉमस व्हॉर्टन जोन्स. त्यांना या यंत्रात काही विशेष वाटले नाही आणि यंत्र बाजूला पडले. सात वर्षांनी, तोवर दुसऱ्या कोणाचे तरी तसले यंत्र युरोपभर गाजत असताना, खुद्द जोन्स यांनीच ही हकिकत छापून प्रांजळपणे बॅबेज यांचे श्रेय मान्य केले.

तो दुसरा म्हणजे क्योनिग्सबर्गचा एकोणतीस वर्षांचा प्राध्यापक हर्मान हेल्महोल्ट्झ. विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी करताना तो एका जुन्या कोड्याशी थबकला. माणसाची बाहुली काळी का दिसते? आत शिरलेला उजेड आतल्या पडद्यावरून परत बाहेर येतोच, पण तो आला त्याच वाटेने दिव्याकडे परततो. तो पकडायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा, आणि तिथे डोके नेले की आपणच उजेड अडवतो. हेल्महोल्ट्झने पातळ काचा तिरक्या धरल्या. काचेने दिव्याचा उजेड रुग्णाच्या डोळ्यात वळवला आणि परतणाऱ्या उजेडातला थोडा भाग तिच्यातूनच आरपार पाहणाऱ्याकडे आला. चित्र स्पष्ट व्हावे म्हणून त्याने मध्ये एक अंतर्गोल भिंग ठेवले. चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा डिंकाने जोडून आठवडाभरात हे यंत्र, म्हणजे नेत्रदर्शक, उभे राहिले. डिसेंबर १८५० मध्ये त्याने बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळाला ते कळवले. वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणाला की शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रापलीकडचे यात काहीच लागले नाही.

या काचेतून जिवंत माणसाचा पडदा पहिल्यांदा नीट दिसू लागला. नारिंगी-तांबूस पार्श्वभूमी, तिच्यावर फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या, आणि त्या साऱ्या जिथून फुटतात तो जेमतेम दीड मिलिमीटरचा फिकट गोल. हा गोल म्हणजे डोळ्याची नस आत शिरते ते तोंड. डॉक्टर त्याला डिस्क म्हणतात. सुमारे बारा लाख बारीक तंतू इथे एकत्र येतात, डोळ्याच्या मागच्या भिंतीतल्या चाळणीसारख्या जाळीतून बाहेर पडतात आणि मेंदूकडे जातात. निरोगी डिस्कची कड पेन्सिलीने आखल्यासारखी दिसते. सगळी गोष्ट या कडेभोवती फिरते.

बर्लिनमध्ये आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ या तरुण नेत्रवैद्याने ते यंत्र उचलले. त्याच्या दवाखान्यात रोज माणसांची रीघ लागायची आणि त्यांत अधूनमधून असे काही रुग्ण असायचे की ज्यांना मेंदूचा आजार होता. १८६० साली त्याने अशा रुग्णांवर एक लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतली डिस्क वर फुगून आली होती. कड पुसली गेली होती. शिरा गच्च भरून नागमोडी झाल्या होत्या आणि आजूबाजूला रक्ताचे बारीक ओरखडे होते. यांतल्या काहींच्या शवविच्छेदनात मेंदूत गाठ सापडली. ग्रेफने तर्क मांडला की कवटी हाडांची आणि बंद असल्याने आत गाठ वाढली की दाब वाढतो, डोळ्यातून परतणाऱ्या शिरा तुंबतात आणि नसेचे तोंड सुजते. त्याने त्याला ‘तुंबलेली डिस्क’ अशा अर्थाचा जर्मन शब्द दिला. तर्काचा गाभा बरोबर होता. शिरेचा भाग मात्र पुढे टिकला नाही, कारण डोळ्यातल्या रक्ताला चेहऱ्याच्या शिरांकडूनही वाट असते हे नऊ वर्षांतच दाखवले गेले.

ग्रेफ बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या लेखाने एक दार उघडले होते, पण ते नेत्रवैद्यांच्या खोलीत. मेंदूचे रुग्ण बहुधा त्या खोलीत जातच नसत. ते फिजिशियनकडे जायचे, डोके दुखते, उलट्या होतात, झटके येतात म्हणून. आणि फिजिशियन डोळ्यात बघायचे नाहीत. का बघावे? रुग्णाची डोळ्यांची तक्रारच नसायची.

ही अडचण ज्याला सर्वांत लख्ख दिसली तो लंडनचा जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. यॉर्कशरचा हा शांत माणूस मज्जाविकारांचा डॉक्टर होता, पण उमेदवारीच्या काळात त्याने मूरफील्ड्सच्या नेत्र रुग्णालयात काम केले होते. नेत्रदर्शकाची सवय त्याच्या हाताला तिथे लागली. क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात आणि लंडन हॉस्पिटलमध्ये त्याने मेंदूच्या प्रत्येक रुग्णाच्या डोळ्यात बघायचे ठरवले, तक्रार असो वा नसो. आणि १८६० च्या दशकात तो पुन्हा पुन्हा लिहू लागला ते हे, की ज्यांची डिस्क भरपूर सुजली आहे अशा कित्येकांची नजर उत्तम असते. ते अगदी बारीक टाइप वाचून दाखवतात. म्हणून रुग्ण दिसत नाही असे म्हणेल तेव्हा तपासू, असे म्हणणारा डॉक्टर फार उशिरा तपासतो.

या मुद्द्यावर मी थोडे रेंगाळणार आहे, कारण आजही आपल्याकडे तो तितकासा रुजलेला नाही. डोळा तपासणे म्हणजे नंबर काढणे असे आपण समजतो. पण नंबर काढताना जे तपासले जाते ती नजरेच्या मध्यबिंदूची तीक्ष्णता. सुजलेल्या नसेतले तंतू मरू लागतात तेव्हा आधी जातात ते बहुधा कडेचे, नजरेच्या परिघाचे. मधला तुकडा शेवटपर्यंत शाबूत राहू शकतो. डिस्कवर पडद्याच्या दृष्टिपेशी नसतात, म्हणून प्रत्येकाच्या नजरेत तिथे एक आंधळा ठिपका असतो. सुजेने तो मोठा होतो, पण तोही जाणवत नाही, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि मेंदू मोकळी जागा सारवून टाकतो. असा माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो आणि ‘डोळे छान आहेत’ असे ऐकून घरी जातो.

त्याला जाणवते ते एकच, आणि त्यालाही आपण दुसरेच नाव देतो. वाकून चप्पल घालताना, अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कधी एका डोळ्यापुढे, कधी दोन्ही. दिवे गेल्यासारखे काळे होते किंवा राखाडी पडदा ओढला जातो, आणि काही सेकंदांत, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत, सगळे पूर्ववत होते. दिवसातून एकदा किंवा पंचवीस वेळा. मराठीत ‘अंधारी येणे’ याचा रोख सहसा अशक्तपणा, पित्त किंवा बीपी यांच्याकडे असतो. रक्तदाब उतरून येणारी अंधारी असतेही, पण तिच्याबरोबर गरगरते, पाय लटपटतात, घाम फुटतो. सुजलेल्या नसेच्या अंधारीत माणूस पूर्ण शुद्धीवर आणि खणखणीत असतो. फक्त दिसणे तेवढे जाते. सोबत डोकेदुखी असेल, आणि नाडीच्या तालावर कानात घुमणारा फुत्कारासारखा आवाज असेल, तर संशय आणखी पक्का होतो. ही अंधारी का येते याचे आज मानले जाणारे स्पष्टीकरण साधे आहे. फुगलेल्या डिस्कमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच दाबात असतात. वाकल्या-उठल्याने कवटीतला दाब आणि रक्तदाब यांचे गणित क्षणभर हलते, तंतूंचा रक्तपुरवठा काही सेकंद तुटतो आणि पुन्हा सुरू होतो. एक विचित्र गोष्ट अशी की अंधारी किती वेळा येते यावरून पुढे नजर जाणार की राहणार हे सांगता येत नाही. ते ठरवायला डिस्क आणि नजरेचा परीघच तपासावा लागतो.

जॅक्सनच्या आग्रहाला साथ मिळाली ती लीड्सच्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांची. खिशात मावणारा छोटा ताप-मापक डॉक्टरांच्या हाती दिला तोच हा माणूस. त्यांनी वेकफील्डच्या मनोरुग्णालयात जाऊन रुग्णांचे डोळे तपासले आणि १८७१ साली मज्जासंस्थेच्या व मूत्रपिंडाच्या आजारांत नेत्रदर्शक कसा वापरावा यावर पुस्तक लिहिले. १८७९ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी चित्रांसह मार्गदर्शिका काढली. त्यांतली डिस्कची चित्रे त्यांनी स्वतः रेखाटली होती. कॅमेऱ्याने पडदा टिपणे अजून दूर होते, तेव्हा पुसलेली कड कशी दिसते हे खेड्यातल्या डॉक्टरला या चित्रांवरूनच कळायचे. पॅरिसमध्ये यूजेन बुशू यांनी १८६० च्या दशकातच डोळ्यातून मेंदू बघण्याच्या या पद्धतीला ‘मेंदूदर्शन’ असे नाव दिले होते. नाव जरा मोठेच होते, कारण डिस्क मेंदूत काय चालले आहे ते सांगते, पण कुठे ते सांगत नाही.

ही ‘काय’ आणि ‘कुठे’ची फोड नीट कळते ती १८८४ सालच्या एका रुग्णावरून. पंचविशीतला एक स्कॉटिश शेतकरी लंडनला रीजंट्स पार्कच्या अपस्मार व पक्षाघाताच्या रुग्णालयात ॲलेक्झांडर ह्यूज बेनेट यांच्याकडे आला. त्याच्या तोंडाच्या डाव्या बाजूला आणि जिभेला आचके यायचे. पुढे झटके वाढले, मग डाव्या हाताची ताकद जाऊ लागली, बोटे निकामी झाली. डोके असह्य दुखायचे आणि उलट्या थांबत नव्हत्या. बेनेट यांनी डोळ्यांत पाहिले तेव्हा दोन्ही डिस्क सुजलेल्या होत्या.

बेनेट यांचा विचार पावलापावलाने बघण्यासारखा आहे. डाव्या तोंडापासून सुरू होऊन हाताकडे जाणारे झटके म्हणजे दोष उजव्या मेंदूत, हात हलवणाऱ्या पट्ट्यात. ही जागा डेव्हिड फेरियर यांच्या माकडांवरच्या प्रयोगांमुळे आणि जॅक्सनच्या झटक्यांच्या निरीक्षणामुळे ठाऊक झाली होती. पण तिथे आहे काय? जुना व्रण असू शकतो, रक्ताची गुठळी असू शकते, किंवा काहीच डोळ्यांना दिसणार नाही असेही असू शकते. कवटीवर बाहेरून कोणतीही खूण नव्हती आणि क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. दोन्ही डिस्कच्या सुजेने उत्तर दिले की आत काहीतरी जागा अडवून दाब वाढवते आहे. झटक्यांनी जागा दिली आणि डोळ्यांनी गाठ दिली. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी शल्यविशारद रिकमन गॉडली यांनी बेनेट यांनी दाखवलेल्या जागी कवटीला भोक पाडले. मेंदूचा पृष्ठभाग वरून फारसा वेगळा दिसत नव्हता. त्यांनी छेद घेतला आणि थोड्याच खोलीवर अक्रोडाएवढी गाठ सापडली. ती काढली गेली. डोकेदुखी आणि उलट्या थांबल्या, झटके थांबले. पण जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि साधारण चार आठवड्यांनी तो तरुण दगावला. गॉडली हे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक लिस्टर यांचे भाचे होते, ही गोष्ट वाचताना मला दर वेळी चटका लावून जाते. तरीही, केवळ लक्षणांवरून जागा ओळखून मेंदूतली गाठ काढता येते हे सगळ्या जगाने पाहिले.

त्या काळच्या टिपणांत या सुजेला ‘ऑप्टिक न्यूरायटिस’, म्हणजे नसेचा दाह, असेच म्हटलेले आढळते. शब्दाच्या मागे एक समज होती: गाठीतून काही विष झिरपते किंवा क्षोभ निर्माण होतो आणि नस धगधगते. जॅक्सन आणि गॉवर्स यांचाही कल दाहाकडेच होता. यामुळे एक व्यावहारिक घोटाळा होत होता. खराखुरा नसेचा दाह आणि दाबाची सूज यंत्रातून एकसारख्याच दिसू शकतात. फरक रुग्णाच्या तोंडी असतो. दाहात बहुधा एकाच डोळ्याची नजर दिवसांत ढासळते आणि डोळा फिरवताना दुखतो. दाबाच्या सुजेत बहुधा दोन्ही डोळे सुजतात, दुखत नाहीत, आणि नजर सुरुवातीला जशीच्या तशी असते. दोघांना एकच नाव असेल तर औषध चुकते, आणि दाबाच्या रुग्णाला थांबवून ठेवले जाते.

नाव बदलले ते शल्यविशारदांच्या पुराव्याने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले आणि बाल्टिमोरमध्ये हार्वी कुशिंग मेंदूवर शस्त्रक्रिया करत होते. अनेकदा गाठ सापडायची नाही किंवा काढता यायची नाही. तेव्हा ते कवटीचा एक तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून द्यायचे आणि जखम बंद करायचे. गाठ आत तशीच राहायची, आणि तरीही पुढच्या आठवड्यांत डिस्कची सूज उतरायची. विष झिरपत असते तर सूज उतरायला नको होती. १९०८ मध्ये हर्बर्ट पार्सन्स यांनी ‘पॅपिलीडीमा’ हा शब्द सुचवला, ज्यात दाह नाही, फक्त पाण्याची सूज आहे. पुढच्या वर्षी कुशिंग आणि जेम्स बोर्डली यांनी आपल्या रुग्णांची निरीक्षणे छापली, आणि १९११ मध्ये लेस्ली पॅटन आणि गॉर्डन होम्स यांनी मरणोत्तर डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तिथे दाह नव्हे तर सूजच असते हे मांडले.

दाब डोळ्यापर्यंत पोचतो कसा? मेंदू ज्या तीन आवरणांत गुंडाळलेला असतो, ती आवरणे डोळ्याच्या नसेभोवतीही थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत जातात. ही नस एका अर्थाने मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे. आवरणांच्या मधल्या फटीत मेंदूभोवतीचे तेच स्वच्छ पाणी असते. १८६९ च्या सुमारास जर्मन शरीरशास्त्रज्ञ गुस्ताफ श्वाल्बे यांनी या दोन जागा एकमेकींना जोडलेल्या असल्याचे दाखवले. त्यावरून पॅरिसच्या लुई द वेकर यांनी १८७२ मध्ये डोळ्यामागे जाऊन नसेच्या या वेष्टनाला चीर देऊन पाणी मोकळे करण्याचे धाडसही केले. कल्पना काळाच्या फार पुढे होती आणि मागे पडली.

ती पुढे ठाम पुराव्यावर उभी करणारा माणूस पंजाबच्या एका खेड्यातून आला. सोहनसिंग हयरे यांचा जन्म १९२७ चा. लाहोरला वैद्यकीचे शिक्षण घेत असताना फाळणी झाली आणि शिक्षण अमृतसरला पूर्ण झाले. १९६१ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते लंडनच्या नेत्रविज्ञान संस्थेत पोचले. त्यांनी माकडांच्या कवटीत एक छोटा फुगा बसवला आणि तो दिवसांगणिक हळूहळू फुगवून मेंदूतल्या गाठीसारखा दाब निर्माण केला. दोन्ही डोळ्यांच्या डिस्क सुजल्या. मग एका बाजूच्या नसेचे वेष्टन त्यांनी उघडले. कवटीतला फुगा तसाच होता, पण वेष्टन उघडलेल्या बाजूची सूज ओसरली आणि दुसऱ्या बाजूची राहिली. १९६४ मध्ये त्यांनी याचा पहिला वृत्तांत छापला. एकाच प्राण्यात, एकाच दाबाखाली, एका डोळ्याला दुसऱ्याची साक्ष. शंभर वर्षांचा वाद मिटवायला याहून स्वच्छ प्रयोग मला सुचत नाही.

मग सुजते ते नेमके काय? मार्क त्सो यांच्याबरोबर हयरे यांनी १९७७ मध्ये त्याचे उत्तर दिले. नसेचा प्रत्येक तंतू ही नुसती तार नसते. त्याच्या आत पेशीकडून मेंदूकडे सतत मालाची ने-आण चालू असते. डोळ्याच्या मागच्या जाळीवर एका बाजूने डोळ्याचा स्वतःचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूने वेष्टनातल्या पाण्याचा. मागचा दाब वाढला की या जाळीपाशी तंतूंतली वाहतूक अडते, माल साचतो आणि तंतू फुगतात. डिस्क उंचावते ती आधी यामुळे. शिरा दाबल्या जाऊन रक्त आणि पाणी झिरपणे नंतर येते. ग्रेफला जे कारण वाटले होते तो परिणाम होता.

कवटीतला दाब मोजणे मात्र याच्या कितीतरी आधीच शक्य झाले होते. कीलच्या हाइन्रिख क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेत सुई घालून पाठीतले पाणी काढण्याची रीत दिली. कुशीवर झोपलेल्या रुग्णाच्या सुईला काचेची नळी लावली की पाणी तिच्यात चढते. प्रौढ माणसात ते २५० मिलिमीटर किंवा त्याहून वर गेले तर दाब वाढलेला मानतात. पण डिस्क सुजलेली दिसली की आधी डोक्याचे चित्र काढायचे आणि मगच सुई, हा क्रम डॉक्टर पाळतात. गाठ असताना खालून पाणी काढले तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो.

क्विंके यांनीच असेही रुग्ण वर्णन केले की ज्यांच्यात दाब होता, सूज होती, पण गाठ नव्हती. १९०४ मध्ये माक्स नोने यांनी त्यांना ‘खोटी गाठ’ म्हटले. असे रुग्ण बहुतांश तरुण, वजनदार स्त्रिया असतात. १९५५ मध्ये या आजाराला ‘सौम्य’ म्हणण्याची प्रथा पडली, कारण गाठीसारखा तो जीव घेत नाही. मग १९८२ मध्ये जेम्स कॉर्बेट आणि सहकाऱ्यांनी असे ५७ रुग्ण शोधून काढले, ज्यांच्या आजाराला ५ ते ४१ वर्षे झाली होती. त्यांतल्या १४ जणांची एका किंवा दोन्ही डोळ्यांची नजर गंभीरपणे गेली होती. ‘सौम्य’ हा शब्द त्यानंतर हळूहळू वापरातून गेला.

या रुग्णांत एक फसवा टप्पा येतो. महिनोन्महिने सुजलेले तंतू मरतात आणि मेलेले तंतू सुजत नाहीत. डिस्क सपाट होते, पांढुरकी पडते. नुसती सूज मोजणाऱ्याला वाटते की रुग्ण सुधारला. म्हणून आज सूज किती उतरली याबरोबर परिघाचा नकाशा काढतात, म्हणजे मध्यावर नजर खिळवून कडेला लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायची ती तपासणी. उलट बाजूने, दाब एकाएकी वाढला तर पहिल्या काही तासांत डिस्क निखळ दिसू शकते, कारण सुजायला तिला एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतात. निखळ डिस्क म्हणजे निर्धास्त मेंदू असे समीकरण म्हणून मांडता येत नाही. आणि काहींच्या डिस्कमध्ये चुन्याचे कण गाडलेले असतात. त्यांनी कड उंचावते आणि सूज नसताना सुजेचा भास होतो.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या नेत्रतज्ज्ञांनी तातडीच्या विभागात डोकेदुखी, अचानक दृष्टिदोष, मज्जाविकाराची लक्षणे किंवा फार चढलेला रक्तदाब घेऊन आलेल्या ३५० रुग्णांचे, बाहुलीत औषध न घालता फोटो काढले. १३ टक्क्यांच्या पडद्यावर महत्त्वाचा बिघाड होता. तातडीच्या डॉक्टरांनी स्वतःहून नेत्रदर्शकाने पाहिले होते फक्त १४ टक्के रुग्णांना, आणि आधीपासून माहीत नसलेला एकही बिघाड त्यांच्या हाती लागला नाही. दोष त्यांच्या हुशारीचा नव्हता. हातातल्या नेत्रदर्शकाने, बारीक बाहुलीतून, उजेडाने डोळे मिचकावणाऱ्या माणसाची डिस्क पकडणे अवघड असते. हे जॅक्सनच्या काळीही अवघड होते.

म्हणून नेत्रतज्ज्ञ थेंब घालतात. पाऊण तासाने बाहुली मोठी होते. मग स्लिट लँपसमोर हनुवटी टेकवायची, आणि डॉक्टर डोळ्यासमोर एक जाडसर भिंग धरून आत बघतात. आधी बघतात ती नाकाकडची कड, कारण सूज तिथे लवकर दिसते. कानाकडची कड शेवटी पुसली जाते. त्यामुळे सुरुवातीला डिस्कभोवती इंग्रजी सी अक्षरासारखे राखाडी कडे उमटते, ज्याचे तोंड कानाकडे उघडे असते. मग मोठ्या शिरांकडे. डिस्कच्या कडेवरून जाताना त्यांचा एखादा तुकडा धुक्यात गेल्यासारखा हरवला आहे का? बहुतेक निरोगी डोळ्यांत डिस्कवरची शीर नाडीबरोबर किंचित फडफडते. ती फडफड दिसली तर त्या क्षणी दाब बहुधा फार नाही. दिसली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण कित्येक निरोगी माणसांतही ती नसते.

हे सगळे चालू असताना रुग्ण बहुधा हेच सांगत असतो की मला दिसायला काही त्रास नाही, फक्त वाकले की क्षणभर अंधारी येते.